गटवार-जातवार रिपोर्ट: आधी दोन ओळी भरून मागा

प्रश्न: मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात शेतकी विभागाला कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. शेतकी अधिकारी साहेबांनी "ऊस नोंदीचा गटवार-जातवार रिपोर्ट नीट फॉरमॅटमध्ये करून द्या" म्हणून सांगितलं. दोनदा करून दिला, दोनदा "असा नको" म्हणून परत आला. जास्त विचारलं की साहेब चिडतात. नेमकं काय विचारू?

उत्तर:

काही विचारू नका, नमुना मागा. तोही कोरा नको, भरलेला. "साहेब, गेल्या हंगामातला असला एखादा कागद असेल तर द्या, अगदी तसाच करतो. नसेल तर या कागदावर एका गटाच्या दोन-तीन ओळी आणि खाली बेरीज, एवढं पेनानं लिहून द्या. आकडे मनाचे चालतील." शिंप्याकडे आपण मापाचा सदरा टाकून येतो, तसंच हे. बोलायला अर्धं मिनिट लागतं आणि यात साहेबांना उत्तर द्यावं लागेल असं काही नाही, त्यामुळं चिडायचं कारणही राहत नाही.

सांगली-सातारा पट्ट्यातल्या कारखान्यांच्या संगणक विभागांत माझी सगळी नोकरी झाली. रिपोर्ट परत येण्याचं कारण बहुतेक वेळा आकडा चुकला हे नसतंच. साहेबांच्या डोळ्यासमोर एक कागद असतो, तो त्यांना इतका ओळखीचा असतो की तो दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं निघू शकतो हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. "गटवार-जातवार" म्हणजे डावीकडे गट आणि वर आडव्या ओळीत ऊसाच्या जाती, असं असेल. किंवा गटाचं नाव, त्याखाली त्या गटातल्या जाती एकाखाली एक, मग गटाची बेरीज, मग पुढचा गट. किंवा प्रत्येक गटाचं पान वेगळं, म्हणजे ते पान फाडून त्या त्या गट ऑफिसला देता येतं. तिन्ही गटवार, तिन्ही जातवार. तुम्ही दोनदा दिलात, म्हणजे यातले दोन बाद झाले असतील, किंवा आकार पहिल्यालाच बरोबर होता आणि भलतंच काही खटकलं असेल. "असा नको" यातून ते कळत नाही.

प्रश्न विचारून हे सुटेल असं वाटतं, पण प्रश्नाची एक अडचण आहे. जे पर्याय तुम्हाला सुचले तेवढ्याबद्दलच तुम्ही विचारता. जो सुचलाच नाही तो राहून जातो, आणि रिपोर्ट नेमका त्याच्यावरून परत येतो. साहेबांनी दोन ओळी भरल्या की तुम्ही न विचारलेल्या गोष्टींची उत्तरंही त्यात येऊन पडतात, लिहिणाऱ्याच्या नकळत.

कोरा नमुना का नको ते सांगतो, कारण बरेच साहेब रकान्यांची नावं लिहिलेला कागद देतात आणि "घ्या फॉरमॅट" म्हणतात. समजा त्यात "क्षेत्र" असा रकाना आहे. आपल्याकडे क्षेत्र दोन तऱ्हांनी लिहितात. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो. स्लिपबॉय शेतकऱ्याच्या तोंडून ऐकून नोंद करतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी नोंदवही एकर-गुंठ्यातच असते. आणि लिहिताना दोन्हीकडे मधे टिंबच देतात. १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, की एक एकर वीस गुंठे? कोऱ्या रकान्याकडे कितीही वेळ बघा, कळणार नाही.

आता तोच कागद साहेबांनी भरून दिला असं धरा. तीन शेतकरी आहेत: पहिल्याचं १.२०, दुसऱ्याचं ०.३०, तिसऱ्याचं २.१५. आणि खाली बेरीज. बेरजेत ३.६५ असेल तर हेक्टर-आर आहे, कारण १०० आरचा एक हेक्टर, आणि टिंबाची साधी बेरीज तिथं बरोबर येते. बेरजेत ४.२५ असेल तर एकर-गुंठे. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणून ६०, ३० आणि ९५ गुंठे मिळून १८५ गुंठे, म्हणजे चार एकर पंचवीस गुंठे. वरच्या तिन्ही ओळी दोन्हीकडे सारख्याच दिसतात. फरक फक्त बेरजेत दिसतो. नमुन्यात बेरजेची ओळ हटकून मागायची ती याच्यासाठी, आणि आकडे मनाचे असले तरी बेरीज खरी करा असं सांगायचं तेही याच्यासाठी. बेरीज न जुळणारा नमुना कोऱ्यापेक्षा वाईट, कारण तुम्ही त्यातून नियम शोधत बसता आणि नियम नसतोच.

एकर-गुंठे असतील तर एक्सेलमध्ये त्या रकान्याला थेट SUM लावू नका. आधी गुंठे करा, गुंठ्यांची बेरीज घ्या, मग परत एकर-गुंठे करा. क्षेत्र A2 ते A4 मध्ये असेल तर शेजारी B2 मध्ये पहिलं सूत्र टाकून खाली ओढा, B5 मध्ये दुसरं आणि A5 मध्ये तिसरं:

```
=INT(A2)*40+ROUND((A2-INT(A2))*100,0)
=SUM(B2:B4)
=INT(B5/40)+MOD(B5,40)/100
```

पहिल्या सूत्रातलं ROUND काढू नका. १.२० मधून १ वजा केला की कॉम्प्युटरच्या पोटात ०.२ पेक्षा कणभर कमी उरतं, आणि तिथं INT वापरलात तर वीसाचे एकोणीस गुंठे होऊ शकतात. या रकान्यांना दोन दशांश स्थळंही ठरवून द्या. नाहीतर १.२० चं नुसतं १.२ दिसतं आणि कोणीतरी ते एक एकर दोन गुंठे असं वाचतो.

तुमचा स्वतःचा डेटा कशात आहे हेही याच जागी बघून घ्या. टिंबानंतरचा आकडा हजारो नोंदींत कधीच ३९ च्या वर जात नसेल तर तो एकर-गुंठ्यात आहे हे जवळपास नक्की. काही गटांत जातो आणि काही गटांत जात नाही असं दिसलं, तर दोन स्लिपबॉय दोन तऱ्हेनं लिहितात. तसं असेल तर रिपोर्टचा आकार राहू द्या बाजूला, आधी ते साहेबांच्या कानावर घाला.

भरलेल्या नमुन्यात दुसरी बघायची गोष्ट म्हणजे जिथं काही नाही तिथं काय लिहिलंय. एखाद्या गटात एखादी जात नसतेच. तिथं शून्य, आडवी रेघ, मोकळी जागा की "निरंक"? सरकारी प्रपत्रं भरत आलेल्या माणसाला मोकळी जागा खपत नाही, त्याला माहिती भरायची राहिली असं वाटतं. उलट मीटिंगच्या कागदावर शंभर शून्यं दिसली की खरे आकडे हरवतात. बारीक बाब आहे, पण "असा नको" यामागं पुष्कळदा हीच असते आणि ती तोंडानं कोणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट जातींची नावं. तुमच्या नोंदींत "को ८६०३२" असेल, "८६०३२" असेल आणि कोणीतरी "निरा" लिहिलं असेल. जात एकच आहे, पण कॉम्प्युटर तीन रकाने काढतो. "कोएम ०२६५" आणि "फुले २६५" यांचंही तसंच, आणि नुसतं ०२६५ टाइप केलं असेल तर एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं. साहेबांनी नमुन्यात चारच जाती आणि पाचवा रकाना "इतर" लिहिला, तर दोन गोष्टी कळल्या: नावं एकत्र करायची आहेत, आणि किरकोळ जाती वेगळ्या दाखवायच्या नाहीत. "इतर" मध्ये काय काय टाकलं याची यादी मात्र स्वतःजवळ ठेवा. मीटिंगमध्ये हमखास कोणीतरी विचारतो.

एक गोष्ट कधीकधी अचानक पुढं येते. नमुना भरताना साहेब वरच्या आडव्या ओळीत आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असं लिहून मोकळे होतात. त्यांना लागणीचा प्रकार हवा असतो, बोलताना तोंडात "जातवार" येतं. हे बोलण्यातून चार वेळा विचारलं तरी उमगत नाही, कारण दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबर असतात. कागदावर क्षणात उघडं पडतं. तुमचा रिपोर्ट दोनदा परत आलाय म्हणून ही शक्यता तुम्ही मनात धराच.

गेल्या हंगामाचा छापील रिपोर्ट हाती लागला तर तो सगळ्यात भारी नमुना. पण त्याच्याकडे बघून नुसते रकाने उतरवून घेतले तर त्याचा अर्धाच उपयोग झाला. गेल्या हंगामाचा डेटा तुमच्याकडे आहेच. त्यातला एकच गट घ्या आणि त्या कागदावरचा आकडा स्वतः काढून बघा. जुळला तर नियम तुम्हाला समजले. जुळला नाही तर किती फरक आहे आणि कोणत्या नोंदींएवढा आहे ते बघा, त्या फरकातच न सांगितलेला नियम लपलेला असतो.

हे कसं चालतं ते एका उदाहरणावरून बघा. समजा बागणी गटाचा तुमचा आकडा जुन्या कागदापेक्षा कमी येतोय आणि आष्टा गटाचा नेमका तेवढाच जास्त. एकूण बेरीज जुळते. म्हणजे नोंद गळलेली नाही, इकडची तिकडं गेली आहे. अशा नोंदी काढून बघितल्या तर सभासद आष्ट्याचा, पण रान बागणीच्या शिवारात, असे शेतकरी निघतात. तुम्ही गट धरला शेतकऱ्याच्या गावावरून, जुन्या कागदानं धरला रानाच्या गावावरून. तोडणीसाठी रानाचंच गाव धरायला हवं, टोळी शेतकऱ्याच्या घरी जात नाही. आता उलट समजा, एकूण बेरीजच तुमची जास्त येते आणि सगळ्या गटांत थोडी थोडी जास्त येते. मग बहुधा रद्द झालेल्या नोंदी तुम्ही धरल्यात, किंवा जुना रिपोर्ट एका ठरावीक तारखेपर्यंतच्या नोंदींचा होता आणि नंतरच्या नोंदी तुमच्याकडे भरल्या गेल्यात. फक्त एकाच प्रकारात फरक असेल, खोडव्यात म्हणा, तर खोडव्याचं क्षेत्र त्यांनी वेगळ्या कागदावर काढलं असेल. यातलं एकही फॉरमॅट बघून कळलं नसतं.

जुन्या फाइलीबद्दल दोन सावधगिऱ्या. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापील आकार कळायला पुरतो, पण उजवीकडचा एखादा रकाना आणि पानाचा तळ त्यात बऱ्याचदा कापलेला असतो, आणि बेरीज तळालाच असते. फाइल मिळत असेल तर फाइलच घ्या. आणि ती फाइल युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथं ती बरोबर दिसते, तुमच्याकडे नुसती चिन्हं येतात. तिथली गावांची नावं तुमच्या नावांशी जुळवायला जाऊ नका, हातानं परत टाइप करा. गटाला कोड असेल तर कोडवर जुळवा.

नमुन्यात जे आहे ते सगळंच हवं असतं असंही नाही. जुन्या रिपोर्टमध्ये अमुक रकाना पिवळा असतो, कारण तेव्हाच्या ऑपरेटरला तो आठवणीत ठेवायचा होता. एखादा गट दोनदा आलेला असतो, कारण पान संपलं. हे सगळं तुम्ही इमानदारीनं उतरवून द्याल आणि साहेब विचारतील, हे पिवळं कशाला? म्हणून नमुना घेतानाच एक वाक्य टाका: "यातलं काही काढायचं किंवा वाढवायचं आहे का?" कागद हातात असला की माणूस याचं उत्तर पटकन देतो, पेन घेऊन दोन ठिकाणी काटतोसुद्धा.

नमुना कोणाचा, हेही महत्त्वाचं. शेतकी अधिकाऱ्यांना हा कागद स्वतःला हवा आहे की कार्यकारी संचालकांनी मागितलाय, की पुण्याला साखर आयुक्तालयाकडे जाणाऱ्या माहितीत तो जोडायचा आहे? मधल्या माणसानं आठवणीनं काढून दिलेला नमुना म्हणजे त्याचा अंदाज. वर पाठवायचा असेल तर वरून आलेल्या पत्राबरोबर प्रपत्र असतं, ते पत्र मागून घ्या. तिथं क्षेत्र हेक्टरमध्येच मागितलेलं असणार, मग वरचे १८५ गुंठे १.८७ हेक्टर होतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर, तो एक आर धरून चालत नाही. एका शेतकऱ्याच्या नोंदीत हा फरक दिसत नाही, गटाच्या बेरजेत दिसतो.

आता साहेब म्हणाले, "जुना कागद नाही, आणि मला लिहायला वेळ नाही, तूच कर." हे होणारच. तेव्हा पूर्ण रिपोर्ट करू नका. एका गटाच्या खऱ्या नोंदी घ्या, दहा-बारा पुरेत, आणि त्या आधी सांगितलेल्या तीन आकारांत एकाच पानावर एकाखाली एक छापा. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात १, २, ३ लिहा. साहेबांना बघून आकडा सांगायचाय किंवा खूण करायचीय, तेवढाच वेळ लागतो. या पानावर अवघड नोंदी मुद्दाम घाला: एक रान दुसऱ्या गावात असलेली, एक "इतर" जातीतली, एक रद्द झालेली, आणि त्या गटात नसलेल्या एका जातीचा रकानाही ठेवा. साध्या नोंदींचा नमुना सगळ्यांनाच पटतो आणि तंटा उरतो तो अवघड नोंदींचा. साहेब जिथं पेन टेकवून थांबतील तिथं काय म्हणतात ते त्याच कागदावर, त्यांच्या समोर लिहून घ्या. शेतकऱ्यांची नावं आणि खाते नंबर या पानावर नकोत, "शेतकरी १, शेतकरी २" चालतं. असे कागद टेबलावरून टेबलावर फिरतात.

नमुन्यानं एक गोष्ट सुटत नाही. साहेबांचंच अजून ठरलेलं नसेल तर तुम्ही कितीही आकार पुढं ठेवा, ते प्रत्येकाला "बरा आहे, पण" म्हणतील. हे लक्षण ओळखा: तीनपैकी एकावरही पेन चालत नाही आणि चौथ्याचं वर्णनही करता येत नाही. तिथं आकाराचा विषय सोडा आणि एवढंच म्हणा, "साहेब, हा कागद बघून आपल्याला काय ठरवायचंय?" कोणत्या गटाला किती टोळ्या द्यायच्या हे ठरवायचं असेल तर त्यांना जात कमी आणि लागणीचा महिना जास्त उपयोगाचा आहे. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी आणि डिसेंबर ते फेब्रुवारीची सुरू लागण एकाच वेळी तोडीला येत नाही, त्यामुळं कोणत्या गटात कधी किती ऊस उभा असेल हे महिन्यावरूनच निघतं. मग तो रिपोर्ट गटवार-महिनावार होतो. जात फार तर शेवटच्या रकान्यात राहील. उलट पुढच्या वर्षाच्या बेण्याचा विचार चालला असेल तर जातच मुख्य, आणि महिन्याची गरज नाही.

तुमच्या बाबतीत मी उद्या असं करेन. परत आलेले दोन्ही रिपोर्ट टाकून देऊ नका, तेही नमुनेच आहेत. दोन्हींचं पहिलं पान छापा, बरोबर पूर्ण कोरा कागद ठेवा, आणि साहेब फील्डवर निघायच्या आधी किंवा जेवणानंतर गाठा. दोन्ही पानं पुढं ठेवून म्हणा, "यातलं नको ते काटा, आणि बागणी गटाचं तेवढं इथं कसं हवं ते दोन ओळींत लिहा, खाली बेरजेसकट." ते लिहीत असताना मधे बोलू नका. लिहून झाल्यावर कागदावर त्यांच्यासमोर तारीख टाका आणि त्यांची सही घ्या, "माझ्या फाइलला लावतो" म्हणून. मग फक्त बागणी गट त्या आकारात करून त्याच दिवशी दाखवा, आणि तो पसंत पडल्यावरच बाकीच्या गटांना हात लावा.